'कट शिजतोय': श्लेष की कोटी?

"रविवारी घरी मिसळीचा बेत होता. स्वयंपाकघरात आई नि काकू, आजोबांची जुनी सायकल भंगारात कशी काढायची ते हळू आवाजात ठरवत होत्या. माझ्या पोरानं विचारलं, 'आजोबा, आत काय चाललंय?' आजोबा म्हणाले, 'कट शिजतोय.' पोरगं म्हणालं, 'लय तिखट हाय का?' आम्ही हसून बेजार. याला द्व्यर्थी म्हणावं तर लोक चावट समजतात. मग काय म्हणावं?"

श्लेष म्हणा. 'द्व्यर्थी' म्हणजे खरं तर नुसतं दोन अर्थांचं, पण त्या शब्दाची संगत बिघडली ती बिघडलीच. श्लेष हा 'श्लिष्' या धातूवरून आला. त्याचा अर्थ चिकटणे, मिठी मारणे. आश्लेष, विश्लेषण ही त्याचीच भावंडं. एका शब्दाला दोन अर्थ चिकटले की श्लेष, आणि त्यावर कुणी विनोद केला की ती कोटी. आजोबांनी कोटी केली, ती श्लेषावर.

आता ती इतकी चपखल का बसली? सगळी करामत 'शिजतोय'ची आहे. 'कट रचतायत' म्हटलं असतं तर मिसळ गायब झाली असती आणि 'कट उकळतोय' म्हटलं असतं तर कारस्थान गायब. शिजणं दोन्हींना चालतं. शिवाय दोन्ही कट पुल्लिंगी, त्यामुळे क्रियापदानं चुगली केली नाही. नागपुरात हीच गंमत करून बघा. तिथं मिसळीच्या कटाला तर्री म्हणतात, आणि तर्री शिजली तरी कुणाला संशय येणार नाही.

पोराच्या हातून काहीच निसटलं नाही, हेही बघा. त्याला मिळालेलं उत्तर पूर्ण आणि खरं होतं, आत कट शिजतच होता! म्हणून तर 'का हसताय?' असं न विचारता त्यानं सरळ तिखटाची चौकशी केली, आणि नकळत कोटीवर कोटी केली. मुलाच्या वाट्याचा अर्थ अर्धवट असला की ते खोदून विचारतं. अशा वेळी दुसरा अर्थ त्याला सांगता आला तर विनोद स्वच्छ. इथं अडचण एवढीच, की सांगितलं तर सायकलीची बातमी फुटेल.

लिंग मात्र सांभाळा. कुस्तीला निघालेल्या मित्राची थट्टा करायची म्हणून 'तुला हार मिळाला' म्हटलं की फुलांचा, 'मिळाली' म्हटलं की पराभव. श्लेष तिथंच मेला. पण 'आज तुला हार नक्की मिळेल' म्हणा. मराठीच्या भविष्यकाळात लिंग दिसत नाही. शेजारचं पोरगं झेंडूचा हार शोधू लागेल, आणि मित्र तुमच्याकडे डोळे वटारून बघेल.