मोफत मिळालेल्या वस्तूची पोस्ट आणि पहिल्या ओळीतील ‘जाहिरात’

प्रश्न: माझे खाद्यपदार्थांचे छोटे पेज आहे. एका मसाल्यांच्या ब्रँडने मला डबा फुकट पाठवला आहे, पैसे काहीच दिलेले नाहीत. कॅप्शनच्या शेवटी #collab लिहिले तर पुरेसे आहे का? की ‘जाहिरात’च लिहावे लागते? त्याने रीच पडतो म्हणतात.

शेवटी लिहिलेले #collab पुरेसे नाही, आणि पैसे मिळाले नाहीत हे कारणही चालत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २० जानेवारी २०२३ रोजी समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात मानधन आणि बार्टर एकाच वाक्यात घेतले आहेत. मोफत वस्तू, मग ती न मागता आलेली असली तरी, सवलत, सहल, हॉटेलातील मुक्काम, इतकेच काय पण कंपनीत काम करणारा नातेवाईक, हे सगळे जाहीर करण्यासारखे संबंध धरले जातात. आयकर खातेही १ जुलै २०२२ पासून असेच मानते: प्रचारासाठी मिळालेली वस्तू परत केली तर लाभ नाही, ठेवून घेतली तर लाभ. मसाल्याच्या एका डब्याने तुम्ही कराच्या मर्यादेपर्यंत पोहोचणार नाही, पण ज्याला आयकर खाते लाभ म्हणते त्याला आपण ‘प्रेमाची भेट’ म्हणत राहावे, हे मला कधीच पटलेले नाही.

हे मी इतक्या तावातावाने लिहीत आहे, कारण याच #collab वरून एका एजन्सीशी माझा वाद झाला होता आणि ते काम शेवटी माझ्या हातून गेले. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचे काम होते. पाच लिटरचा डबा आणि थोडे मानधन, बदल्यात एक रील आणि दोन स्टोरी. एजन्सीने ब्रीफसोबत तयार कॅप्शन पाठवले, ते साधारण असे होते: “आजीच्या स्वयंपाकघरातला तो खमंग वास आठवतोय? पहिला पाऊस, गरमागरम कांदाभजी आणि आल्याचा चहा, याहून मोठं सुख नाही! आमच्या घरी तर वर्षानुवर्षे हेच तेल. हृदयासाठीही उत्तम. खास आभार…” त्यानंतर ब्रँडचे नाव, त्याखाली हॅशटॅगची रांग, आणि त्या रांगेत #marathirecipe आणि #monsoonvibes यांच्या मधोमध #collab.

आता हे कॅप्शन वाचणाऱ्याच्या नजरेने पाहा. इन्स्टाग्रामवर कॅप्शनची सुरुवात तेवढी दिसते, बाकीचे `more` दाबल्याशिवाय उघडत नाही. म्हणजे वाचणाऱ्याला दिसणार आजी, खमंग वास आणि कांदाभजी. व्यवहाराची एकमेव खूण घडीच्या आत, तीही इंग्रजीत, तीही हॅशटॅगच्या गर्दीत. जाहिरात मानक परिषद, जिला सगळे आस्की म्हणतात, तिचे नियम १४ जून २०२१ पासूनच्या पोस्टना लागू आहेत आणि त्यांत नेमके हेच नाकारलेले आहे: खूण वाचकाला सुरुवातीलाच दिसली पाहिजे, हॅशटॅग किंवा लिंकच्या ढिगात पुरलेली चालणार नाही, आणि बायोमध्ये एकदाच ‘सशुल्क पोस्ट असतात’ असे लिहून ठेवणेही पुरणार नाही.

मी कॅप्शनची सुरुवात बदलून पाठवली: “जाहिरात. या रीलसाठी कंपनीने मला मानधन आणि तेलाचा डबा दिला आहे. पहिला पाऊस आणि कांदाभजी…” त्यावर एजन्सीच्या समन्वयक मुलाचा फोन आला. “ताई, सगळेच शेवटी टाकतात. वर ‘जाहिरात’ दिसलं की लोक पुढे सरकतात, ब्रँडला ते नको आहे.” मग पर्याय येऊ लागले. आधी ‘ब्रँडच्या सहकार्याने’, मग ‘सौजन्य’, शेवटी ‘खास आभार’ तेवढे वरच्या ओळीत. या तिन्ही शब्दांत खोटे काही नाही, आणि म्हणूनच ते सोयीचे आहेत. आपल्याकडे सहकार्य गणपतीच्या वर्गणीतही असते, सौजन्य छायाचित्राखालीही छापतात आणि आभार तर पत्ता सांगणाऱ्याचेही मानतात. पैसे कोणी कोणाला दिले, हे त्यांतल्या एकाही शब्दावरून कळत नाही. ‘जाहिरात’ मात्र बातमीसारख्या दिसणाऱ्या मजकुराच्या डोक्यावर छापलेले पाहत आपण मोठे झालो आहोत, त्यामुळे त्याचा अर्थ माझ्या सासूबाईंनाही विचारावा लागत नाही.

‘कोलॅब’बद्दल माझे मत आणखी कडक आहे. इन्स्टाग्रामवर दोन खात्यांनी मिळून एकच पोस्ट टाकण्याच्या सोयीलाही कोलॅबच म्हणतात. दोन मैत्रिणींनी मिळून दिवाळीच्या फराळाचे रील केले तरी ते कोलॅब, आणि कंपनीने पैसे मोजले तरी ते कोलॅब. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी काढलेल्या पुस्तिकेत collab, spon असे तुटक शब्द आणि नुसते ‘थँक्स’ किंवा ‘अँबॅसेडर’ टाळायला सांगितले, ते याच कारणाने. भाषेचाही प्रश्न आहे. आस्की इंग्रजी खूण चालवून घेते, पण ग्राहक व्यवहार विभागाची मार्गदर्शिका सांगते की शिफारस ज्या भाषेत, खूणही त्याच भाषेत. कॅप्शन मराठी असेल तर #ad वर भागवू नये.

माझे रील ३६ सेकंदांचे होते. आस्कीच्या नियमाने पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत खूण किमान तीन सेकंद दिसावी लागते, त्यापुढे दोन मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत एकूण लांबीच्या एक तृतीयांश वेळ, म्हणजे माझ्या बाबतीत बारा सेकंद. एजन्सीने नमुना म्हणून जे संपादन करून पाठवले, त्यात ‘जाहिरात’ हा शब्द बारा सेकंद होता खरा, पण पांढऱ्या बारीक अक्षरांत, आणि पडद्याच्या तळाशी. तळाशी ॲपच खात्याचे नाव आणि कॅप्शन आणून ठेवते. त्यातून मागे बेसनाचे फिकट पीठ. फोनवर पाहिले तेव्हा तो शब्द मला स्वतःला शोधावा लागला. तुमचे रील झाले की ते दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर, उन्हात उभे राहून, एकदा पाहा. खूण आहे की नाही हे तिथे लगेच कळते. अक्षरे पडद्याच्या वरच्या भागात, गडद पट्टीवर ठेवावीत आणि पहिल्या सेकंदापासून ठेवावीत. शिवाय मार्गदर्शिकेनुसार व्हिडिओत खूण दिसायलाही हवी आणि ऐकूही यायला हवी, म्हणून सुरुवातीलाच ‘ही जाहिरात आहे’ असे तोंडाने म्हणावे. कणीक मळता मळता फोन भिंतीला टेकवून नुसते ऐकणाऱ्या बायका माझ्या प्रेक्षकांत पुष्कळ आहेत.

ॲपमधले `Paid partnership` हे लेबल जरूर लावा, पण त्यावर विसंबू नका. व्हिडिओ कोणी उतरवून व्हॉट्सॲपवर पुढे पाठवला की ते लेबल मागे राहते, आणि माझे रील तर कुटुंबाच्या ग्रुपांवरच जास्त फिरतात. तिथे व्हिडिओतच कोरलेला शब्द तेवढा सोबत जातो. स्टोरीचेही तसेच आहे: पहिल्या स्टोरीत ‘जाहिरात’ लिहिले आणि दुसरीत फक्त खरेदीची लिंक दिली, तर थेट दुसरीवर आलेल्याला काही कळत नाही. प्रत्येक स्टोरीवर शब्द हवा.

त्या कॅप्शनमधल्या ‘वर्षानुवर्षे हेच तेल’ आणि ‘हृदयासाठी उत्तम’ या दोन वाक्यांवर मी अधिक अडून बसले. डबा येऊन आठवडाही झालेला नव्हता. ‘जाहिरात’ लिहिले की काहीही बोलायला मोकळीक मिळते, असा अनेकांचा समज आहे, तो चुकीचा आहे. ९ जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिफारस ही तुमच्या प्रामाणिक मतावर आणि पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेली असली पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत दंडाची आणि वर्षभरापर्यंत शिफारशीवर बंदीची तरतूद २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात शिफारस करणाऱ्यासाठीही आहे. मी ‘या तेलात आज भजी तळली, वास चांगला आला, फेस झाला नाही’ एवढेच लिहायला तयार होते. त्यांना आजी हवी होती. डबा मी न फोडता परत पाठवला असता, पण भजी आधीच तळून झाली होती. म्हणून त्याची किंमत कळवून पैसे पाठवले आणि विषय संपवला.

तुमच्या मसाल्यांसाठी मी असे लिहीन: “जाहिरात. हा मसाल्यांचा डबा कंपनीने मला मोफत पाठवला आहे, मानधन घेतलेले नाही. यातला गोडा मसाला मी कालच्या आमटीत वापरला…” येथे ‘सशुल्क’ लिहू नका, कारण ते खरे नाही, आणि ‘मानधन घेतलेले नाही’ हे वाक्य ‘मोफत पाठवला’च्या आधी आणू नका, कारण मग ऐकणाऱ्याच्या कानात तेवढेच राहते. ‘प्रामाणिक मत’ हे शब्दही गाळा. ते लिहिणाऱ्यांची पोस्ट मी हल्ली दोनदा वाचते.

न्यायाने एवढे सांगायला हवे की ‘कोलॅबरेशन’ हा पूर्ण शब्द आस्की आणि ग्राहक व्यवहार विभाग या दोघांच्याही चालणाऱ्या शब्दांच्या यादीत आहे, त्यामुळे तो पहिल्या ओळीत स्पष्ट लिहिणाऱ्याला कोणी नियमभंग केला असे म्हणू शकणार नाही. माझा आक्षेप वाचकाच्या बाजूचा आहे. मी वकीलही नाही. औषध, विमा, शेअर बाजार असा विषय असेल तर नियम वेगळे आणि अधिक कडक आहेत, ते माहीतगाराला विचारा. रीचचे म्हणाल, तर तो कधी पडला आणि कधी चढला, आणि दोन्ही वेळा पहिल्या ओळीत ‘जाहिरात’ होते. एजन्सीच्या त्या मुलाकडेही आपले म्हणणे दाखवणारा एक आकडा नव्हता. मी मागितला तेव्हा त्याने “मार्केटमध्ये असंच आहे, ताई” एवढेच सांगितले.

ब्रँडला होकार कळवताना मेलमध्ये एक ओळ आधीच घालून ठेवा: “कॅप्शनच्या पहिल्या ओळीत आणि व्हिडिओत ‘जाहिरात’ हा शब्द राहील, अप्रूव्हलच्या वेळी तो काढला किंवा हलवला जाणार नाही.” मी आता ही ओळ पत्ता देण्याआधीच पाठवते, म्हणजे ज्यांना ते नको असते त्यांचे पार्सल निघतच नाही.