संपाच्या दिवशी ऑफिसला काय कळवायचं?

"मॅडम, उद्या शहरातली सगळी वाहतूक बंद आहे. येता येणार नाही, हे साहेबांना कळवायचं म्हटलं तरी पोटात गोळा येतो. त्यांना वाटेल, हिला निमित्तच हवं होतं. काय लिहू?"

मी समुपदेशनाचं काम करते. संप जाहीर झाला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो, आणि विचारणारी माणसं बहुतेक कामसू असतात. कामचुकारांना असला घोर लागत नाही. अशीच एक मुलगी, हिशेब विभागात काम करणारी, नोकरीत अजून कायम न झालेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

बंदच्या दिवशी ती पहाटेपासून मेसेज लिहीत आणि खोडत बसली होती. एखादी तरी बस सुटेल, मग कळवायची वेळच येणार नाही, ही आशा. शेवटी मेसेज गेला तो ऑफिस सुरू होऊन तास उलटल्यावर. साहेबांचं उत्तर आलं, "हे आधी सांगता येत नव्हतं?"

"त्यांचा माझ्यावर विश्वासच नाही," ती म्हणाली.

मी तो मेसेज पाहायला मागितला. सुरुवात 'सॉरी सर'ने. मग घर किती लांब, शेजाऱ्यांची गाडी का मिळाली नाही, गेल्या महिन्यात एकही रजा कशी घेतली नाही. सोबत रिकाम्या बसथांब्याचा फोटो. शेवटी पुन्हा सॉरी, आणि 'चालेल ना सर?'

"आता तुम्ही साहेब आहात," मी म्हटलं. "हा मेसेज मोठ्याने वाचा आणि मनात येईल तो पहिला प्रश्न विचारा."

तिने वाचला. ही खरं बोलतेय का, असं काहीतरी ती विचारेल अशी माझी अटकळ होती. ती बराच वेळ फोनकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग पगाराची फाईल आज बँकेकडे कोण पाठवणार?" आणि लगेच, "अहो, हे तर मी लिहिलंच नाही!"

पुढच्या कितीतरी बैठकांचं काम त्या एका वाक्याने केलं. तिच्या डोक्यात खटला चालू होता. ती आरोपी, साहेब न्यायाधीश, म्हणून फोटो आणि पुरावे. साहेबांच्या डोक्यात मात्र फाईल होती. माणूस घटनेपेक्षा घटनेच्या अर्थाने जास्त हैराण होतो, असं मी मानते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीचा हा गाभा आणि माझ्या कामाचाही. 'वाहन नाही' ही घटना आहे, 'मी बेजबाबदार ठरले' हा आपणच दिलेला निकाल.

मग आम्ही दोघींनी मिळून नवा मेसेज लिहिला :

'सर, उद्याच्या वाहतूक संपामुळे मला ऑफिसला पोहोचता येणार नाही. बस आणि टॅक्सी दोन्ही पाहिल्या, सोय होत नाही. पगाराची फाईल तयार आहे. घरून दुपारी बारापर्यंत तुम्हाला तपासायला पाठवते. बँकेत टाकण्यासाठी ऑफिसातूनच लॉगिन करावं लागतं, ते कोण करेल एवढं सांगा. वाहतूक सुरू झाली तर अकराला कळवते.'

यात परवानगीची याचना नाही, पण एक नेमका प्रश्न आहे, त्यामुळे साहेबांना उत्तर देणं सोपं जातं. संप आधी जाहीर झाला असेल तर हे आदल्या संध्याकाळीच पाठवावं, म्हणजे पर्यायी माणूस शोधायला त्यांना वेळ मिळतो. ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नये. त्या दिवशी तिथे असल्या मेसेजांचा पूर येतो. आणि जे तपासलं तेवढंच लिहावं. शहरात काहीच चालू नाही असं लिहिलं आणि दोन सहकारी मेट्रोने पोहोचले, की खरं कारणही खोटं वाटू लागतं. जाता येईल पण परतायची शाश्वती नाही, हेही कारणच आहे. ते तसंच स्पष्ट लिहावं.

प्रत्यक्ष हजेरीशिवाय चालत नाही अशा कामात, म्हणजे वॉर्डमध्ये, पहाऱ्यावर किंवा काउंटरवर, 'घरून करते' याला अर्थ नाही. तिथे मेसेजवर न थांबता थेट फोन करावा आणि आधीच्या पाळीतल्या माणसाला कोण सोडवणार, हे आधी विचारावं.

पुढच्या संपाला तिने आदल्या संध्याकाळी असाच मेसेज पाठवला. उत्तर कोरडंच आलं, "बाकीचे येताहेत." पूर्वी तिने यावर पुन्हा घराचं अंतर सांगितलं असतं. या वेळी लिहिलं, "हो सर. मला मात्र उद्या जमत नाही. फाईल बारापर्यंत येईल." फाईल गेली. एक रजा मात्र कापली गेली. ती मला म्हणाली, "नियम आहे तो, कापणारच." त्यावर आम्हाला बैठक घ्यावी लागली नाही, याचं मला थोडं अप्रूप वाटलं, खोटं कशाला बोलू?