गाडीचे साल आणि सुटा भाग: आरसीवरील कोणती तारीख पाहावी?

प्रश्न: माझी स्प्लेंडर प्लस २०२० ची आहे, गाव अंबाजोगाई. ऑनलाइन एअर फिल्टर मागवताना ‘२०२०’ निवडले तर बसेल ना?

उत्तर: बसेलच असे नाही. आपण ज्याला गाडीचे साल म्हणतो ते बहुधा पासिंगचे साल असते, पण सुटा भाग ठरतो तो गाडी कारखान्यात कधी आणि कोणत्या मानकाने बनली यावरून. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ सक्तीचे झाले; त्यामुळे त्या वर्षी पासिंग झालेल्यांत कार्ब्युरेटरच्या बीएस-४ गाड्याही आहेत आणि फ्युएल इंजेक्शनच्या बीएस-६ही.

लातूरच्या माझ्या मावसभावाच्या गाडीचे पासिंग फेब्रुवारी २०२० चे होते. त्याने साल पाहून फिल्टर मागवला, तो बसेना. आरसीवर उत्पादनाचा महिना नोव्हेंबर २०१९ निघाला, म्हणजे गाडी बीएस-४ होती आणि आलेला फिल्टर बीएस-६ चा.

म्हणून आरसीवरील उत्पादनाचा महिना-वर्ष आणि उत्सर्जन मानक आधी वाचा. गाडीवरही खूण सापडते: कार्ब्युरेटरला चोकची दांडी असेल तर ती बीएस-४, मीटरवर इंजिनच्या चित्राचा दिवा असेल तर बीएस-६.

त्यानंतर पार्ट नंबर जुळवा. जुन्या फिल्टरवर तो पुसला असेल, तर शोरूमच्या स्पेअर काउंटरवर चेसिस नंबर दाखवून विचारा. पार्ट नंबरचे शेवटचे अक्षरही जुळले पाहिजे. विक्रेत्याने पार्ट नंबर दिलाच नसेल, तर माझ्या मते तिथून मागवू नये.