आईला घेऊन परळला जाताना

प्रिय बाळा,

काल फोनवर तुझा जीव कसा टांगणीला लागलाय ते कळलं. आईची केमो टाटा हॉस्पिटलात सुरू होणार, डोंबिवलीचे मामा घरीच या म्हणतात, आणि परळला पैसे देऊन राहणं घरच्यांना उधळपट्टी वाटते. माझं ऐक, जवळ राहा. आई दहा मिनिटांत हॉस्पिटलात पोहोचेल इतकं जवळ.

केमोचा दिवस कसा जातो बघ. सकाळी रक्त तपासायला देतात, रिपोर्ट आल्यावर डॉक्टर बघतात, रक्तातल्या पेशी पुरेशा असल्या तरच केमोचं सलाईन लागतं. कमी भरल्या तर पुढची तारीख. मधले तास नुसते वाट बघण्यात जातात. खोली जवळ असेल तर रक्त देऊन आई जाऊन पडेल, पेज घेईल. रांगेत फाइल घेऊन तू उभा राहशील, नंबर जवळ आला की फोन करशील. डोंबिवलीहून आलात तर तिला दिवसभर बाकावर बसावं लागेल आणि संध्याकाळी गर्दीच्या लोकलमधून परतावं लागेल. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पेशी सर्वांत खाली जातात, संसर्ग पटकन होतो, तेव्हा ती गर्दीच धोक्याची.

आणि ताप. 100.4 फॅरनहाइट दिसला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, तडक कॅज्युअल्टी गाठायची. रात्री दोनला डोंबिवलीहून कसा येणार आहेस?

माझ्या बायकोच्या वेळी मी हट्टानं परळलाच राहिलो. मेहुणे दुखावले, वर्षभर बोलले नाहीत. त्याची खंत आहे, पण आजही तसंच करीन. ती दुपारी अंथरुणावर टेकायची, तेवढ्यासाठी सगळं भाडं वसूल होतं.

आता खोलीचं. धर्मशाळेत आधी पैसे भरून बुकिंग होईल असं धरू नकोस. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा असो की परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, तिथे हॉस्पिटलचे कागद लागतात. म्हणून आधी नोंदणी, फाइल नंबर, मग त्याच दिवशी मेडिकल सोशल वर्कर. तिला स्पष्ट सांग: केमो किती महिने चालणार, सोबत किती माणसं, खर्च किती झेपतो. जागा लगेच मिळेलच असं नाही, म्हणून पहिला आठवडा भोईवाडा-हिंदमाताकडच्या लॉजचे पैसे वेगळे काढून ठेव, रोजाच्या भाड्यानं घे. फाटकाबाहेर जो महिन्याचं डिपॉझिट मागत खोली दाखवतो, त्याच्या नादी लागायचं नाही. पुन्हा सांगतो, स्वस्त मिळते म्हणून लांबची खोली घेऊ नकोस.

मामांना सरळ नाही म्हणायला जीभ रेटत नसेल तर त्यांना काम दे. केमोच्या दिवशी त्यांनी रांगेत उभं राहावं, म्हणजे तुला आईजवळ थांबता येईल. तरीही रागावले तर नंबर पाठव, मी बोलतो.

तुझा,
काका