पर्याय अर्जातला पहिला नंबर कुणाच्या सांगण्यावरून देऊ नका

प्रश्न: मुलगा लातूरला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला किती टक्के लागतात, सीईटी असते का, सरकारी कॉलेज मिळतं का? नातेवाईक म्हणतात बारावी केली असती तर बरं झालं असतं.

सीईटी नसते. खुल्या वर्गाला डिप्लोमात किमान ४५ टक्के, महाराष्ट्रातल्या आरक्षित वर्गाला ४०. मेरिट लिस्ट डिप्लोमाच्या मार्कांवरच लागते. पण ४५ टक्के म्हणजे फक्त अर्ज भरायची परवानगी. त्यावर सरकारी कॉलेज मिळत नाही.

नातेवाईकांचं आधी सांगतो, कारण मी स्वतः हेच ऐकत मोठा झालोय. मी औसा तालुक्यातला. दहावीला चांगले मार्क पडले आणि मी डिप्लोमाला जातो म्हणालो, तेव्हा शिक्षक असलेले माझे काका वडिलांना म्हणाले, "एवढे मार्क असून पोराला डिप्लोमाला घालायलास का? लातूरला अकरावी-बारावी कर म्हणावं, वर्ष वाया जातंय त्याचं." कुठलं वर्ष वाया? दहावीनंतर बारावीची दोन आणि डिग्रीची चार, एकूण सहा. डिप्लोमाची तीन आणि डिग्रीची तीन, तीही सहाच. वर डिप्लोमावाल्याच्या हातात मध्येच नोकरीला चालणारं प्रमाणपत्र असतं.

आता जागांचं. प्रत्येक शाखेत मंजूर जागांच्या १० टक्के जादा जागा डिप्लोमावाल्यांसाठी असतात, आणि आदल्या वर्षी पहिल्या वर्षाला ज्या रिकाम्या राहिल्या त्याही त्यात मिळवतात. समजा शाखा ६० ची आहे. सरकारी कॉलेजात पहिलं वर्ष पूर्ण भरलं, तर उरल्या फक्त ६. त्या सहाही खुला, एससी, एसटी, व्हीजेएनटी, ओबीसी, मुली अशा वाटल्या जातात, म्हणजे तुमच्या मुलाच्या वर्गवारीला एखादीच येईल. तीच ६० ची शाखा एखाद्या खासगी कॉलेजात ३५ वरच थांबली असेल, तर रिकाम्या २५ आणि जादा ६ मिळून ३१ जागा होतात. म्हणून एकीकडे ८५-९० टक्केवाला ताटकळतो आणि दुसरीकडे ५५ वाल्याला घरी फोन करकरून बोलावतात. फोन कोण करतंय यावरूनच तिथल्या रिकाम्या जागांचा अंदाज घ्या.

हे फोन करणारे लोकच माझ्या रागाचं कारण आहेत. आमच्या वर्गात माझा एक मित्र होता, टक्के माझ्यापेक्षा दोन-अडीच जास्त. निकाल लागला तसा एका खासगी कॉलेजचा माणूस त्याच्या गावी गेला. "फॉर्म आम्हीच भरून देतो, एक रुपया नको" म्हणाला आणि ओरिजिनल टीसी, मार्कमेमो घेऊन गेला. कॉलेजांचा पसंतीक्रम द्यायचा पर्याय अर्ज भरताना स्वतःचं कॉलेज एक नंबरला टाकलं. मित्राच्या वडिलांना सांगितलं, "वर अवघड कॉलेजं टाकली तर खालचं पण हातचं जातंय. पक्कं ते वर टाका."

हे साफ खोटं आहे. कॉम्प्युटर मेरिटप्रमाणे एकेका मुलाचा अर्ज घेतो आणि त्याच्या यादीत वरून खाली बघत जातो. एक नंबरची जागा नसेल तर दोन, नाही तर तीन. वर अवघड कॉलेजं टाकल्यानं खालच्या पर्यायावरचा हक्क जराही कमी होत नाही. उलट एक नंबरचा पर्याय मिळाला की ती जागा आपोआप फ्रीझ होते आणि पुढच्या फेरीत तुम्ही नसता. मित्राचं तेच झालं. पहिल्याच फेरीत त्याला ते कॉलेज लागलं आणि विषय संपला. कागद परत मागायला गेले, तर आधी फी भरा म्हणाले.

माझ्या घरीही तो माणूस आला होता, आणि काका त्याच्याच बाजूनं बोलत होते. मी ऐकलं नाही. आदल्या वर्षाचे कटऑफ समोर ठेवून यादी केली: वर नांदेडचं श्री गुरू गोबिंदसिंहजी आणि संभाजीनगरचं सरकारी, मग जरा आवाक्यातली, शेवटी नक्की मिळणारी. पहिल्या फेरीत मधलं एक लागलं. ते स्वीकारून फ्लोट केलं, म्हणजे जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत वरच्या पर्यायासाठी थांबलो; त्याला आता बेटरमेंट म्हणतात. दुसऱ्या फेरीत नांदेड लागलं. माझ्यापेक्षा जास्त मार्कांचा माझा मित्र त्याच वेळी खासगी कॉलेजची फी भरत होता. काका त्यावर आजवर एक शब्द बोललेले नाहीत.

बेटरमेंटची एक अट मुलाला नीट समजावा. पुढच्या फेरीत वरचं काही मिळालं की आधीची जागा आपोआप जाते, ती परत मागता येत नाही. म्हणून जिथे खरंच जायचं नाही ते कॉलेज यादीत, त्यातही वरच्या अंगाला, टाकूच नका. आणि मिळालेली जागा मुदतीत सीट ॲक्सेप्टन्स फी भरून स्वीकारली नाही, तर ती गेली.

कागदांत ओबीसी, एनटीवाल्यांची गाडी नॉन क्रिमीलेअरवर अडते. मागच्या वर्षीचं असतं, पण त्याची मुदत ३१ मार्चला संपलेली असते. निकालानंतर सेतूत गर्दी होते, म्हणून आत्ताच अर्ज टाका. जात वैधता प्रमाणपत्राचाही अर्ज आत्ताच टाका. पडताळणीत हे नसेल तर मुलगा खुल्या वर्गात मोजला जातो, आणि वर सांगितलेल्या सहा जागांत तो फरक फार मोठा पडतो.

काकांचा दुसरा मुद्दा होता की डिप्लोमावाल्यांना गणित झेपत नाही. यात थोडं तथ्य आहे, पण कारण वेगळं आहे. आपली ॲडमिशन उशिरा होते, तोवर सेकंड इयरचा वर्ग सुरू झालेला असतो, आणि एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, लाप्लास धावत असतं. एम-वन, एम-टू आपण शिकलेलोच नसतो. इनव्हर्स लाप्लासला 1/(s(s+1)) सारखं काही आलं की पार्शल फ्रॅक्शन हाताला बसलेलं लागतं. ते आणि इंटिग्रेशन बाय पार्ट्स मुलानं परीक्षा संपल्यावर सुट्टीतच घोटावं. मी तेवढंच केलं आणि एम-थ्री पहिल्या झटक्यात निघालं.

शाखा बदलता येते, मेकॅनिकलवाला कॉम्प्युटरला जाऊ शकतो. माझं मत विचाराल तर गणित आधीच मागे असताना शाखाही बदलली की पहिलं सेमिस्टर फार जड जातं. आवड पक्की असेल तरच करा.

फेऱ्या किती आणि कितव्या पर्यायापर्यंत आपोआप फ्रीझ, हे नियम बदलत असतात. राज्य सीईटी कक्षाची यंदाची माहिती पुस्तिका उघडून तेवढी पानं मुलासोबत बसून वाचा. लॉगिनचा पासवर्ड आणि ओरिजिनल कागद मात्र कुणालाच देऊ नका, सख्ख्या काकांनी सांगितलं तरी.