ब्लीडला ‘माया’ म्हणावं

प्रश्न : बहिणीच्या लग्नाची पत्रिका मी घरीच कोरलड्रॉमध्ये केली. निपाणीच्या प्रेसमधून निरोप आला, “ट्रिम साइजलाच क्लिप केलंय, ब्लीड नाही, क्रॉप मार्कही नाहीत.” शब्दकोशात ब्लीडला रक्तस्राव दिलाय. मराठीत हे कसं सांगायचं?

उत्तर : ब्लीडसाठी आपल्याकडे शिंप्याचा शब्द तयार आहे, माया. झंपर बेतताना शिवणीच्या बाहेर जे जादा कापड ठेवतात ती माया. बेळगावात शहापूरच्या शिंप्याकडे आई मला न्यायची तेव्हा हमखास म्हणायची, “माया सोडा की जरा जास्त, पोरगी वाढतीय.” छपाईतलं ब्लीडही असंच आहे. कागद जिथे कापला जाणार, त्या रेषेच्या बाहेर रंग आणि चित्र थोडं पुढे न्यायचं. फरक इतकाच, की कापडातली माया कपड्याच्या आतल्या बाजूला राहते आणि पुढे उसवता येते, कागदावरची कापून टाकली जाते.

रक्तस्राव मात्र नको. इंग्रजीतही हा शब्द बुकबाइंडरांच्या चुकीवरून आला. पुस्तकाच्या कडा कापताना पातं छापलेल्या मजकुरात गेलं, की पान ‘ब्लीड’ झालं म्हणत. पुढे मुद्दाम कडेपर्यंत नेलेल्या छपाईला तेच नाव पडलं. आपल्याला इजा सांगायची नाही, तरतूद सांगायची आहे.

ट्रिम साइज म्हणजे कापून हातात येणारं माप. ‘तयार माप’ म्हटलं तर कुणालाही कळेल. क्रॉप मार्कला ‘कापखुणा’ पुरे.

खरा घोटाळा मला चौथ्या शब्दात दिसतो : क्लिप. तुम्ही फोटो पॉवरक्लिपने चौकटीत घातलात ना? आपण त्याला सहज ‘फोटो कापला’ म्हणतो, आणि कापायचाच तर तयार मापाला कापावा असं मनात येतं. पण पॉवरक्लिप काहीही कापत नाही. चौकटीबाहेरचा फोटो फक्त झाकला जातो, फाइलमध्ये तो असतोच. म्हणून क्लिपला ‘चौकटीत बसवणं’ म्हणा. कापायचं काम प्रेसमधल्या कटिंग मशीनचं आहे. तिथे कागदांची थप्पी एकदम कापली जाते आणि थप्पीतला एखादा कागद अर्धा-एक मिलिमीटर सरकतोच. माया नसेल तर त्या कागदाच्या कडेला पांढरी रेघ उमटते. गडद मरून पत्रिकेवर ती लांबूनही दिसते.

तुमची पत्रिका ए-५ धरू, म्हणजे तयार माप १४८ × २१० मिलिमीटर. माया साधारणपणे प्रत्येक बाजूला ३ मिलिमीटर मागतात. डावी-उजवी मिळून ६ आणि वर-खाली मिळून ६, म्हणून फोटोची चौकट १५४ × २१६ करायची. पानाचं माप मात्र १४८ × २१० च ठेवा, चौकट पानाबाहेर डोकावू द्या. चौकट मोठी करण्याआधी आतला फोटो चौकटीपासून सुटा करा. नाहीतर फोटोही सोबत ताणला जातो, आणि तोही रुंदीत चार टक्के, उंचीत तीनच्या आत, म्हणजे बेडौल. चौकट वाढवल्यावर कडेला पांढरं दिसलं तर फोटोच तेवढा पुरत नाही. मग तो सगळ्या बाजूंनी सारखाच मोठा करावा लागेल.

नुसतं पीडीएफ करताना `Bleed limit` मध्ये ३ लिहून भागत नाही. त्याने पानाबाहेर जागा मिळते, पण चौकट तयार मापालाच असेल तर त्या जागेत कोरा कागदच येतो. तुमच्या फाइलचं बहुधा हेच झालं असेल.

कापखुणा त्याच वेळी प्रोग्रॅमकडून घालून घ्या, हाताने काढू नका. पत्रिकेभोवती पूर्ण चौकोन काढून ‘इथे कापा’ सांगणारे पुष्कळ आहेत. कागद जरा सरकला, की त्या चौकोनाची एक बाजू पत्रिकेवरच राहते. खऱ्या कापखुणा म्हणजे प्रत्येक कोपऱ्याबाहेर दोन बारीक रेघा, मायेच्याही पलीकडे. त्या मनाने आत वाढवल्या की जिथे भेटतात, तो पत्रिकेचा कोपरा. पीडीएफ उघडून हे पाहा : समोरासमोरच्या खुणा जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या बाहेरही रंग दिसला, तर माया आहे. रंग त्या रेषेवरच थांबला असेल तर नाही.

मायेत आणि समासात गल्लत करू नका. समास कापाच्या आत असतो. नावं आणि मुहूर्त कडेपासून किमान ५ मिलिमीटर आत ठेवा, कारण पातं आतल्या बाजूलाही सरकू शकतं.

प्रेसमध्ये बोलताना मात्र ब्लीड आणि क्रॉप मार्क हेच शब्द वापरा. आपल्या भागात मशीनवरचा माणूस बहुतेक वेळा कन्नड बोलणारा असतो. त्याची ‘कत्तरी’ आणि आपली कात्री एकाच संस्कृत कर्तरीतून आल्या, तरी ‘माया’ म्हटल्यावर त्याला छपाईतलं ब्लीड समजणार नाही.