९९.२ टक्क्यांचं वाक्य आधी काढ

"मॅडम, मी मेकॅनिकल इंजिनिअर, चार वर्षं प्लँटमध्ये मेंटेनन्सला आहे. आता डेटा सायन्सच्या मास्टर्सला अप्लाय करतेय. एसओपी लिहून झालाय पण वाचला की कुणाचाही वाटतो. ४० पंपांचा १८ महिन्यांचा डेटा घेऊन पुढच्या ७ दिवसांत बेअरिंग जाईल का हे सांगणारं मॉडेल केलंय, अ‍ॅक्युरसी ९९.२ टक्के, तेच मेन हायलाइट ठेवलंय. फील्ड का बदलतेय हे कसं पटवायचं? आणि थर्ड सेमला मॅथ्सचा बॅकलॉग होता, तो सांगायचा की गप्प बसायचं? ड्राफ्ट जोडलाय."

ड्राफ्ट दोनदा वाचला. पहिला पॅरा, म्हणजे डेटा हे नवं तेल वगैरे, तो पूर्ण उडव, त्यावर जास्त बोलत नाही कारण तो असला काय नसला काय, वाचणारा तो ओलांडूनच पुढे जातो. खरा घोळ तिसऱ्या पॅऱ्यात आहे, जिथे तू सगळ्यात जास्त खूश आहेस.

तुझाच हिशोब मांडते. ४० पंप, रोज एक रीडिंग, १८ महिने म्हणजे साधारण ५४० दिवस, झाल्या २१,६०० ओळी. या काळात बेअरिंग गेली १२, आणि प्रत्येक बिघाडाच्या आधीचे ७ दिवस तू "बिघडणार" म्हणून मार्क केलेस, म्हणजे ८४ ओळी. २१,६०० मध्ये ८४. आता समज एखाद्याने काहीच न शिकता प्रत्येक दिवशी प्रत्येक पंपाबद्दल "काही होणार नाही" एवढंच सांगितलं, तर तो ९९.६ टक्के वेळा बरोबर ठरतो! तुझ्या मॉडेलपेक्षा जास्त. याचा अर्थ तुझं मॉडेल टाकाऊ आहे असं अजिबात नाही, कदाचित त्याने बहुतेक बिघाड आधी पकडले असतील आणि मधे थोडे खोटे अलार्म दिले म्हणून आकडा खाली आला असेल, पण ते ९९.२ वरून कळतच नाही. आणि एसओपी वाचणाऱ्यांत स्टॅटिस्टिक्सचा एखादा प्रोफेसर असू शकतो, बिघाडाचं प्रमाण इतकं कमी असताना कुणी अ‍ॅक्युरसी मिरवली की त्याला लगेच कळतं की या मुलीला आकडा काढता येतो पण कुठला काढायचा ते अजून कळलेलं नाही. फील्ड बदलणाऱ्या माणसाबद्दल त्यांना जी शंका असते नेमकी तीच तू स्वतः कन्फर्म करून देतेयस.

दुसरं, ड्राफ्टमध्ये "८०-२० रँडम स्प्लिट" असं लिहिलंयस. म्हणजे पंप नंबर १७ चा मंगळवार ट्रेनिंगमध्ये आणि त्याच पंपाचा बुधवार टेस्टमध्ये. व्हायब्रेशन एका रात्रीत कितीसं बदलतं? मॉडेलला उत्तर जवळजवळ आधीच दिसलेलं असतं. प्लँटवर ते वापरणार कसं, तर आजपर्यंतच्या डेटावरून उद्याचं सांगणार, मग तपासायचंही तसंच. पहिले १२ महिने शिकायला दे, शेवटचे ६ महिने झाकून ठेव आणि त्यावर बघ. या विकेंडला बसून परत रन कर, आकडे नक्की पडतील, पडू देत.

परत रन केल्यावर टक्केवारी विसर आणि तीन गोष्टी मोज. त्या ६ महिन्यांतल्या बिघाडांपैकी किती आधी पकडले, किती दिवस आधी पकडले, आणि त्यासाठी खोटे अलार्म किती वाजले. आणि तुलना कशाशी करायची, तर तुमच्या जुन्या नियमाशी. तू ड्राफ्टमध्ये ओझरतं लिहिलंयस की व्हायब्रेशन ७.१ मिलिमीटर प्रति सेकंदाच्या वर गेलं की अलार्म वाजायचा पण तोवर उशीर झालेला असायचा. अगं हे तर सोनं आहे आणि ते कंसात टाकलंयस! ७ दिवसच का निवडले हे पण तू कुठेच सांगितलेलं नाही. माझा अंदाज, नवीन बेअरिंग मागवून बसवायला तेवढे दिवस लागत असतील. तसं असेल तर ते लिही, कारण कॉम्प्युटर सायन्सवाला मुलगा ७ हा आकडा हवेतून घेईल, तू तो स्टोअर्सच्या लीड टाइमवरून घेतलास, आणि चार वर्षांच्या अनुभवाचा पुरावा म्हणून एवढं एक वाक्य पुरतं.

आता फील्ड का बदलतेय. तू लिहिलंयस की मेकॅनिकलमध्ये ग्रोथ नाही आणि लहानपणापासून गणिताची आवड. पहिलं वाक्य तक्रार वाटते, दुसरं कुणीच मानत नाही (आणि ट्रान्सक्रिप्टवर मॅथ्सचा बॅकलॉग आहे, हे लक्षात ठेव). खरं कारण तुझ्या कामातच पडलंय. बेअरिंग निवडताना तू एल-टेन लाइफ काढत असशील. म्हणजे एकाच प्रकारची बेअरिंग सारख्या परिस्थितीत चालवली तर ९० टक्के किमान तेवढी टिकतात, १० टक्के त्याआधी जातात. आता हे विधान पूर्ण गठ्ठ्याबद्दल आहे. समोर जो पंप कुरकुरतोय त्यातलं बेअरिंग त्या ९० मधलं की १० मधलं हे एल-टेन सांगत नाही, आणि मेंटेनन्सवाल्याला नेमकं तेच हवं असतं. म्हणजे तू जे शिकलीस ते पूर्ण गठ्ठ्याच्या हिशोबाने डिझाइन करायला शिकवतं, आणि तुला प्रत्येक मशीनबद्दल वेगळं सांगायचंय, तिच्याच रीडिंगवरून. तुझा स्विच हा एवढाच आहे. यात मेकॅनिकल सोडून पळणं कुठे दिसत नाही, उलट रिलायबिलिटीमध्ये वायबुल डिस्ट्रिब्यूशन शिकलेली मुलगी स्टॅटिस्टिक्सच्या दारात आधीच उभी आहे.

आणि मास्टर्सच का, ऑनलाइन कोर्स का नाही, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर तुझ्या मॉडेलच्या उणिवेतून काढायचं. ४० पैकी बरेच पंप १८ महिन्यांत बिघडलेच नाहीत. ते "कधीच न बिघडणारे" नाहीत, डेटा संपला तोपर्यंत बिघडले नव्हते, एवढंच आपल्याला माहीत आहे. तुझं मॉडेल हा फरक करत नाही, १८ महिने टिकलेला पंप आणि परवाच नवीन बेअरिंग बसवलेला पंप त्याच्यासाठी सारखेच. अशा अर्धवट माहितीला सेन्सॉर्ड डेटा म्हणतात आणि ती नीट हाताळायला सर्व्हायव्हल अ‍ॅनॅलिसिस लागतं. शिवाय मोजके १२ बिघाड, त्यावरून ठामपणे किती बोलायचं हाही प्रश्न आहेच. या दोन जागी तू अडलीस आणि म्हणून तुला हे मुळापासून शिकायचंय, असं लिहिलंस की कोर्सची नावं आपोआप कारणासकट येतात. आत्ता तू वेबसाइटवरून सहा कोर्सची यादी उचललीयस, ती कुणालाही चिकटते.

तो पॅरा साधारण असा होईल, इंग्रजीत तू तुझ्या पद्धतीने कर, रिकाम्या जागी तुझे खरे आकडे टाक:

"आमच्या प्लँटमध्ये व्हायब्रेशन ७.१ च्या वर गेलं की अलार्म वाजायचा, पण नवीन बेअरिंग यायला लागणारे दिवस तेव्हा हातात नसायचे. ४० पंपांच्या रोजच्या रीडिंगवरून ७ दिवस आधी इशारा देणारं मॉडेल मी तयार केलं. सुरुवातीला मी अ‍ॅक्युरसीवर समाधानी होते, नंतर लक्षात आलं की नुसतं 'बिघडणार नाही' म्हणूनही ९९.६ टक्के मिळतात. म्हणून शेवटचे ६ महिने वेगळे ठेवून पुन्हा तपासलं. त्यात __ पैकी __ बिघाड आधी पकडले गेले, जुन्या नियमाने __, आणि खोटे अलार्म __ आले. जे पंप अजून बिघडलेच नाहीत त्यांची माहिती कशी वापरायची हे मला अजून नीट येत नाही."

यात स्वतःच्या कौतुकाचं एकही विशेषण नाही बघ, तरी वाचणाऱ्याला कळतं की ही मुलगी स्वतःचं काम तपासते. आकडे मात्र खरेच टाक, चारपैकी दोनच पकडले तर दोनच लिही. इंटरव्ह्यू झाला तर पहिला प्रश्न याच पॅऱ्यावर येणार आणि फुगवलेला आकडा दुसऱ्याच प्रश्नाला सांडतो. आणि हो, डेटा कंपनीचा आहे, तर काय लिहिलेलं चालेल ते मॅनेजरना विचारून घे. क्लायंटचं नाव, पंपाचं मॉडेल, साइट काहीच नको, त्याशिवाय काही अडत नाही.

बॅकलॉग. लपणार नाही, ट्रान्सक्रिप्टमध्ये आहेच. पण त्यासाठी एसओपीत अख्खा पॅरा घालून घरच्या अडचणी सांगत बसू नकोस. बऱ्याच फॉर्ममध्ये जादा माहितीसाठी वेगळी जागा असते, तिथे दोन वाक्यं टाक, काय झालं आणि नंतर गणितात काय केलंस. दुसरं वाक्य महत्त्वाचं. फोर्थ सेमचे मार्क चांगले असतील तर तेच, नाहीतर लिनिअर अल्जेब्रा आणि प्रोबॅबिलिटीचा एकेक कोर्स आत्ता करून टाक, पण ज्यात परीक्षा आणि ग्रेड आहे असा, नुसतं व्हिडिओ पाहिल्याचं सर्टिफिकेट असल्या वेळी फार उपयोगी पडत नाही.

शेवटचा युनिव्हर्सिटीचा पॅरा नाव बदलून सगळीकडे पाठवायचा तुझा प्लॅन दिसतोय, तो नको. प्रोग्रॅम कुठल्या डिपार्टमेंटचा आहे ते आधी बघ. स्टॅटिस्टिक्सवाल्यांचा असेल तर ते तुझं प्रोबॅबिलिटी किती पक्कं आहे ते शोधणार, तिथे सेन्सॉर्ड डेटाचा भाग मोठा कर. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांचा असेल तर ते बघणार की हिला कोड लिहिता येतो का, मग सेन्सरचा डेटा कसा गोळा केला, गॅप कसे भरले, रोज रन होणारी स्क्रिप्ट तू लिहिलीस की कुणाकडून घेतलीस, हे आण. प्रोफेसरांची नावं टाकायची घाई करू नकोस, थीसिस नसलेल्या कोर्समध्ये त्याने फारसा फरक पडत नाही, आणि त्यांचं काम न वाचता टाकलेलं नाव लगेच ओळखू येतं. शब्दमर्यादा मात्र प्रत्येक ठिकाणची वेगळी असते, ती पाळच.

रेकमेंडेशन मॅनेजर देणार आहेत ना, तर नवीन आकडे आल्या आल्या त्यांना पाठव. त्यांच्याकडे अजून तुझं जुनं ९९.२ वालं प्रेझेंटेशन असणार, आणि ते तेच कौतुकाने पत्रात लिहून मोकळे होतील.